दहा वर्षांनी पुन्हा इंटरव्ह्यूला बसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकाच कंपनीत दहा वर्षं बॅकएंड डेव्हलपर होते. काम सगळं जावात. नोकरी बदलायचं ठरवलं, पहिल्याच इंटरव्ह्यूत सपशेल आपटले, मग अकरा आठवडे जुन्या गोष्टी घासूनपुसून घेतल्या आणि सहाव्या ठिकाणी जमलं. तेव्हापासून जुन्या टीममधले लोक एकेक करून फोन करतात आणि तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

रोज कोड लिहीत होतात ना? मग विसरायला झालं काय?

हे मलाही कळत नव्हतं. शेवटी मी वर्षभरातले माझे कमिट उघडून वाचत बसले. जवळपास सगळे बदल आधीपासून असलेल्या फायलींमधले होते. इथे एक अट वाढवली, तिथे एक फील्ड जोडलं, कुणाचा तरी बग शोधून दोन ओळी दुरुस्त केल्या. नवीन क्लास लिहिला असेल तर तोही शेजारच्या क्लासची नक्कल करून. प्रोजेक्ट उभा करणं, डेटाबेसची जोडणी, लॉगिंग हे सगळं कुणीतरी कधीच करून ठेवलेलं.

हे काम सोपं नव्हतं हं. दोन लाख ओळींच्या कोडमध्ये नेमक्या कुठल्या दोन ओळी बदलायच्या हे कळायला वर्षं लागतात. पण इंटरव्ह्यूत त्याच्या बरोबर उलटं मागतात: कोरी फाइल, अनोळखी प्रश्न, चाळीस मिनिटं आणि समोर कुणीतरी बघतंय. त्यात बऱ्याचदा एडिटर साधा असतो, ऑटोकम्प्लीट नसतं. `Arrays.sort` ला कम्पॅरेटर कसा द्यायचा हे माझ्या बोटांना माहीत होतं असं मला वाटायचं. माहीत आयडीईला होतं.

ज्ञान फारसं गेलेलं नव्हतं. कोऱ्या पानावरून सुरुवात करायची सवय गेली होती आणि लिहिता लिहिता बोलायची सवय तर कधी नव्हतीच.

पहिल्या इंटरव्ह्यूत नेमकं काय झालं?

प्रश्न अगदी ओळखीतला होता. एका खोलीची दिवसभराची बुकिंग दिली आहेत, प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट. एकमेकांवर चढणारी बुकिंग जोडून खोली कधी ते कधी व्यापलेली आहे ते सांगा. म्हणजे `[1,4]`, `[3,6]`, `[8,9]` दिलं तर उत्तर `[1,6]` आणि `[8,9]`.

मी आधी पाच-सहा मिनिटं गप्प बसले. ऑफिसात मी अशीच विचार करायचे, त्यात वावगं काही वाटलं नाही. समोरच्याला मात्र फक्त बंद तोंड आणि रिकामी स्क्रीन दिसत होती. मग एकदम लिहायला लागले. सुरुवातीच्या वेळेनुसार क्रम लावायचा हे बरोबर सुचलं. पुढचं बुकिंग आधीच्यावर चढत असेल तर जोडायचं, हेही बरोबर. जोडताना मी असं लिहिलं:

```java
last[1] = cur[1];
```

म्हणजे जोडलेल्या बुकिंगचा शेवट हा नवीन बुकिंगचा शेवट. प्रश्नातल्या उदाहरणावर हे चाललं. समोरच्याने शांतपणे विचारलं, "`[1,10]` आणि `[2,3]` दिलं तर?" मी कोड न बघताच म्हणाले, "`[1,10]`." तो म्हणाला, "कोड तसं म्हणतोय का?" कोड `[1,3]` म्हणत होता. सात तास खोली रिकामी दाखवली मी.

इथपर्यंत सावरता आलं असतं. पण मी गडबडले, अट बदलायला गेले, ती आणखी बिघडली आणि वेळ संपली. दोन दिवसांनी नकार आला. तोपर्यंत मला समजलं होतं की दोष एका ओळीचा नव्हता. एक बुकिंग दुसऱ्याच्या पोटात बसू शकतं, ही शक्यता मी लिहायच्या आधी मांडलीच नव्हती. ऑफिसात टेस्ट लिहिताना हेच काम मी डोळे मिटून करायचे.

मग तोच प्रश्न बरोबर कसा लिहायचा?

पुढे बऱ्याच दिवसांनी कोऱ्या फाइलवर लिहिलेलं हे उत्तर:

```java
int[][] merge(int[][] a) {
  Arrays.sort(a, (x, y) -> Integer.compare(x[0], y[0]));
  List<int[]> out = new ArrayList<>();
  for (int[] cur : a) {
    int[] last = out.isEmpty() ? null : out.get(out.size() - 1);
    if (last == null || last[1] < cur[0]) out.add(cur.clone());
    else last[1] = Math.max(last[1], cur[1]);
  }
  return out.toArray(new int[0][]);
}
```

यातल्या तीन जागांवर मी वेगवेगळ्या दिवशी घसरले आहे. `Math.max` ची गोष्ट वर सांगितली.

दुसरी जागा कम्पॅरेटर. मी जुन्या सवयीने `x[0] - y[0]` लिहायचे. लहान आकड्यांवर ते चालतं. पण `x[0]` दोनशे कोटी आणि `y[0]` उणे दोनशे कोटी असेल तर वजाबाकी चारशे कोटी होते, ती `int` मध्ये मावत नाही आणि उत्तर ऋण येतं. म्हणजे मोठा आकडा लहान ठरतो आणि क्रम उलटतो. खोलीच्या बुकिंगमध्ये असे आकडे कधी येणार नाहीत, पण विचारणारे हमखास विचारतात. `Integer.compare` लिहिलं की विषयच संपतो.

तिसरी जागा `clone`. ते नसेल तर `last[1]` बदलताना आपण मेथड कॉल करणाऱ्याने दिलेला मूळ डेटाच बदलत असतो. उत्तर बरोबर येतं, म्हणून टेस्टमध्ये हे सापडत नाही. खरं तर `Arrays.sort` ही मूळ ॲरेचा क्रम बदलतेच. हे मी आता स्वतःहून सांगते: "दिलेल्या ॲरेचा क्रम बदलेल, चालेल का? नाहीतर आधी प्रत काढते." दहा वर्षं दुसऱ्यांचे कोड तपासल्याचा फायदा इथे दिसतो. नुकत्याच कामाला लागलेल्या मुलांना हा प्रश्न सहसा सुचत नाही.

आणि `last[1] < cur[0]` की `<=`? एक बुकिंग चारला संपलं आणि दुसरं चारला सुरू झालं तर ते जोडायचं का? प्रश्नात लिहिलेलं नसतं. विचारायचं. वरच्या कोडमध्ये ते जोडलं जातं.

सराव कसा केलात?

सुरुवातीचे दोन आठवडे चुकीचा केला. प्रश्न वाचायचा, पंधरा मिनिटं झगडायचं, उत्तर बघायचं, "अरे हो, असंच की" म्हणायचं आणि पुढे जायचं. अशा तीसेक प्रश्नांवर खुणा झाल्या. मग सहज पहिल्या आठवड्यातला एक प्रश्न परत उघडला आणि काही म्हणजे काही आठवेना. दुसऱ्याचं उत्तर वाचून पटणं म्हणजे मला ते येणं असं मी धरून चालले होते.

त्यानंतर पद्धत बदलली. प्रत्येक प्रश्न तीनदा: त्या दिवशी, तीन दिवसांनी आणि दहा दिवसांनी. दर वेळी कोऱ्या फाइलवर, ऑटोकम्प्लीट बंद करून, मोठ्याने बोलत. रन करायच्या आधी एक उदाहरण कागदावर हाताने चालवायचं, लूपच्या प्रत्येक फेरीत कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते लिहीत. हे कंटाळवाणं आहे. पण बुकिंगच्या प्रश्नात हे एकदा केलं असतं तर `[1,3]` मला आधी दिसलं असतं.

सोबत एक वही ठेवली. त्यात उत्तरं नाहीत, फक्त चुका, एका ओळीत एक. "रिकामी ॲरे विसरले." "`while` मध्ये `left` पुढे सरकवलाच नाही, अनंत लूप." "दोन `Integer` ची तुलना `==` ने केली." ही शेवटची जावातली जुनी खोडी आहे: -128 ते 127 मधले `Integer` जावा साठवून ठेवते, त्यामुळे 100 ची तुलना बरोबर येते आणि 1000 ची फसते. महिन्याभराने वही चाळली तर दिसलं की नवीन चुका फार थोड्या, जुन्याच फिरून फिरून येत होत्या. तेव्हापासून कोड लिहून झाला की "एक मिनिट, तपासते" म्हणायचं आणि डोक्यात ती यादी धरून वरून खाली वाचायचं, असं ठरवून टाकलं.

किती प्रश्न सोडवावे लागतात?

मी साठेक सोडवले, पण वर सांगितल्यासारखे तीनदा. शेकड्यांनी सोडवणारे लोकही माहीत आहेत आणि त्यातले काही जण नवीन प्रश्नापुढे तेवढेच अडकतात. हॅशमॅप, दोन पॉइंटर, स्टॅक, बायनरी सर्च, ट्री आणि ग्राफमधली फिरती, हीप. माझ्या वाट्याला आलेले बहुतेक प्रश्न यातलेच होते.

आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग?

पाच सोपे प्रश्न नीट केले आणि सोडून दिलं. एकदाच विचारलं, तेव्हा साधं रिकर्शन लिहून, त्यात तीच गणितं पुन्हा पुन्हा कुठे होतात ते दाखवून निकाल साठवून ठेवले. तेवढं पुरलं. काही कंपन्यांमध्ये पुरणार नाही.

भाषेच्या नव्या आवृत्त्या किती शिकायच्या? आमच्याकडे अजून जावा 8 आहे.

आमच्याकडेही तेच होतं. जावा 8 आली 2014 साली. 2018 पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, त्यामुळे यादी बघून छातीत धडकी भरते. पण रोजच्या लिहिण्यात फरक पाडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: 10 मधलं `var`, 14 मधलं नवं `switch`, 15 मधले टेक्स्ट ब्लॉक, 16 मधले रेकॉर्ड आणि `instanceof` चं सुटसुटीत रूप, 17 मधले सील्ड क्लास, 21 मधले व्हर्च्युअल थ्रेड.

मी कोर्स केला नाही. पूर्वी लिहिला होता तसा एक जुन्या पद्धतीचा क्लास घरी आठवणीतून लिहिला आणि तो नव्या पद्धतीने पुन्हा लिहिला. सभागृह आणि आसन क्रमांक धरणारा, `equals` आणि `hashCode` सकट चाळीस ओळींचा क्लास असा झाला:

```java
record SeatKey(String hall, int number) {}
```

हे करताना जे प्रश्न पडले तेच पुढे इंटरव्ह्यूत कामी आले. एकीने विचारलं, "हॅशमॅपमध्ये की म्हणून टाकलेल्या ऑब्जेक्टचं एखादं फील्ड नंतर बदललं तर काय होईल?" हे मी भोगलेलं होतं. नोंद टाकताना जुन्या `hashCode` वरून बकेट ठरते. फील्ड बदललं की `hashCode` बदलतो आणि `get` बहुतेक वेळा भलत्याच बकेटमध्ये जाऊन `null` घेऊन येतो. नोंद मात्र आत तशीच पडून असते, `size()` मध्ये मोजलीही जाते. रेकॉर्डची फील्डं `final` असतात म्हणून हा धोका बराच टळतो. पण रेकॉर्डच्या आत लिस्ट ठेवली तर ती बाहेरून बदलता येतेच, मग परत तेच रडगाणं. हे सांगितल्यावर नव्या आवृत्तीची परीक्षा तिथेच संपली, पुढे काही विचारलंच नाही.

उलट अनुभवही आहे. एका ठिकाणी मी नवं काही येतं हे दाखवायला व्हर्च्युअल थ्रेडचं नाव काढलं. "मग `synchronized` ब्लॉकच्या आत आयओसाठी थांबलं तर?" मला माहीत नव्हतं. (जावा 21 मध्ये अशा वेळी व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला अडकवून धरतो, त्यामुळे फायदाच जातो. 24 मध्ये हे सुधारलं.) ज्याबद्दल पुढचे दोन प्रश्न झेपणार नाहीत त्याचं नाव आपण होऊन काढू नये, एवढं त्या दिवशी कळलं.

सिस्टिम डिझाइनची भीती वाटते. मोठ्या सिस्टिमवर काम केलंय, तरी.

मोठ्या सिस्टिमवर काम केलंय म्हणूनच जास्त सांभाळायला हवं. मला ऑर्डर घेणारी सेवा डिझाइन करायला सांगितली, दिवसाला 10 लाख ऑर्डर. मी लगेच मेसेज क्यू, डेटाबेसचं शार्डिंग, तीन थरांचं कॅशिंग असा गाडा उभा केला, कारण दहा वर्षं मी तेच बघत आले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "शार्डिंग कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे होतं, म्हणून.

त्यांनीच मग फळ्यावर गणित मांडलं. दिवसात 86,400 सेकंद. 10 लाखांना भागलं तर सेकंदाला साधारण 12 ऑर्डर. गर्दीच्या वेळी दहापट धरा, 120. प्रत्येक ऑर्डरमागे डेटाबेसमध्ये पाच नोंदी धरल्या तरी सेकंदाला 600. एक ऑर्डर दोन केबीची धरली तर दिवसाला दोन जीबी, वर्षाला साधारण 730 जीबी. एवढं एक बरा डेटाबेस सर्व्हर, वाचनासाठी एक प्रतिकृती आणि जुन्या ऑर्डर बाजूला काढायची सोय यात बसतं. शार्डिंगचा प्रश्न अजून आलेलाच नाही.

आता मी सुरुवातीची पाच मिनिटं फक्त हे करते: किती, केव्हा, किती मोठं आणि काय हरवलं तर चालणार नाही. त्यानंतर एकच चौकोन काढते आणि तो कशाने मोडेल ते विचारते. तुमच्या सिस्टिममधला प्रत्येक चौकोन कधीतरी कुणीतरी कशाला तरी उत्तर म्हणून टाकलेला असतो. तो प्रश्न माहीत नसेल तर जुन्या माणसाला गाठून विचारून घ्या, अजून तिथे आहात तोवर. मी नोकरी सोडायच्या आधी आमच्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याबरोबर दोन दुपारी यातच घालवल्या. शार्डिंग का केलं होतं तेही तेव्हा कळलं: लिहिण्याचा भार वगैरे काही नव्हतं, एकाच टेबलची इंडेक्स मेमरीत मावेनाशी झाली होती.

स्वतःचं काम सांगताना गाडी अडते. काय सांगायचं?

माझ्या मते दहा वर्षं एका जागी काढलेल्यांना सगळ्यात जड हेच जातं, आणि यावर लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

पहिला घोळ "आम्ही"चा. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून सगळं "आम्ही केलं", "आपण असं ठरवलं". दुसऱ्या फेरीत एकाने मला थांबवून विचारलं, "हे आम्ही म्हणजे कोण? त्यात तुम्ही काय केलंत?" मला दोन वाक्यंसुद्धा धड सांगता आली नाहीत. दुसरा घोळ घरच्या नावांचा. आमच्या प्रत्येक सिस्टिमला टोपणनाव होतं, आणि ते न घेता मला माझंच काम सांगता येईना.

एक उदाहरण पूर्ण देते. माझं पहिलं कथन असं होतं: "आमचा एक रात्रीचा जॉब खूप स्लो होता, तर आम्ही तो ऑप्टिमाइझ केला, आता खूप फास्ट चालतो." तीन ओळी, माहिती शून्य.

मग मी जुन्या तिकिटांमध्ये आणि माझ्या मेल्समध्ये शोधलं आणि खरं काय झालं होतं ते जुळवलं. रात्री चार लाख व्यवहारांचा हिशेब जुळवणारा जॉब होता. प्रत्येक व्यवहारासाठी तो डेटाबेसला तीन क्वेरी मारायचा. एका क्वेरीची फेरी साधारण 6 मिलिसेकंद. 4,00,000 गुणिले 3 गुणिले 6 मिलिसेकंद म्हणजे 7,200 सेकंद, बरोबर दोन तास, नुसते जाण्यायेण्यात. क्वेरी एकेकटी बघितली तर झटपट होती, म्हणून स्लो क्वेरीच्या लॉगमध्ये ती कधी दिसलीच नाही आणि दोघातिघांनी इंडेक्स वाढवून बघितले तरी ढिम्म फरक पडला नाही. मी क्वेरींचा वेळ मोजण्याऐवजी क्वेरी मोजल्या. बारा लाख! तिथे उलगडा झाला.

मग व्यवहार पाचशेच्या गठ्ठ्याने वाचायला घेतले. 800 गठ्ठे, प्रत्येकी तीन क्वेरी, म्हणजे 2,400. गठ्ठ्याची एक क्वेरी 100 मिलिसेकंद घ्यायची, म्हणजे एकूण चार मिनिटं. बाकीचं गणित धरून जॉब वीस मिनिटांत आला.

आणि याच्या पुढचा भाग मी आधी लपवायचे. तिसऱ्या रात्री जॉब मध्येच पडला, कुणीतरी तो परत चालवला आणि काही व्यवहार दोनदा नोंदले गेले. पूर्वी एकेक व्यवहार लगेच पक्का व्हायचा आणि झाला अशी खूण पडायची. मी गठ्ठ्याने लिहायला लागले तेव्हा नोंदी आणि खूण एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये ठेवायला विसरले. मधल्या क्षणी पडलं की नोंदी आहेत, खूण नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये आणलं, शिवाय व्यवहार क्रमांकावर युनिक की लावली, म्हणजे चुकून परत चालवलं तरी दुसरी नोंद बसणारच नाही. चुकीच्या नोंदी हाताने उलटवायला अर्धा दिवस गेला.

हे सगळं मी चार मिनिटांत सांगायला शिकले, एकही घरचं नाव न घेता. जिथे जिथे सांगितलं तिथे पुढचे प्रश्न त्या तिसऱ्या रात्रीवरच आले. जिथे नोकरी मिळाली तिथे तर वीस मिनिटं आम्ही फक्त त्यावर बोललो: पाचशेच का, पाच हजार का नाही, गठ्ठ्यातला एकच व्यवहार खराब असेल तर बाकीच्या 499 चं काय. (मी तेव्हा पूर्ण गठ्ठा मागे घेऊन त्यातले व्यवहार एकेक करून चालवत होते.) आपण जिथे चुकलो ती गोष्ट आपल्याला सर्वांत बारकाईने आठवत असते, त्यामुळे प्रश्न कितीही खोल गेले तरी पाय जमिनीला टेकतात.

अशा चार गोष्टी तयार करा. तिकिटं आणि मेल्स नोकरीत असतानाच वाचून ठेवा, नंतर त्या दिसणार नाहीत.

मग गोपनीय माहितीचं काय?

फायली, कोड, स्क्रीनशॉट काहीही बाहेर न्यायचं नाही. ग्राहकाचं नाव नाही, पैशांचे आकडे नाहीत. तांत्रिक आकडेही मी मुद्दाम गोल करून सांगते, वरचे आकडेही तसेच गोल केलेले आहेत. कुणी खोदून विचारलंच तर "हे सांगता येणार नाही" म्हटलं की पुरतं, त्याने कुणी नाराज झालेलं मी पाहिलं नाही.

रेझ्युमेवर एकच कंपनी दिसते. वाईट दिसतं का?

एकच नोंद आणि खाली पंचवीस ठिपके असतील तर दिसतं. मी दहा वर्षांचे तीन तुकडे केले, भूमिका बदलली त्या त्या वर्षी, आणि प्रत्येकात जास्तीत जास्त चार ओळी. पहिल्या तीन वर्षांतलं जवळपास सगळं काढून टाकलं. आज ज्यावर दोन प्रश्नांची उत्तरं देता येणार नाहीत असं एकही तंत्रज्ञान ठेवलं नाही, यादी निम्मी झाली.

"इतकी वर्षं तिथेच का?" हे सगळे विचारतात. काम बदलत राहिलं, शेवटच्या दोन वर्षांत बदलेनासं झालं. एवढंच सांगायचे. खरंही तेच होतं.

नोकरी सांभाळून वेळ कसा काढायचा?

सकाळी 75 मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. संध्याकाळी करून बघितलं, दिवसभराच्या मीटिंगांनंतर डोकं चालत नाही आणि मग माणूस उत्तरं वाचत बसतो. शनिवारी एक तास मैत्रिणीबरोबर खोटा इंटरव्ह्यू, एकदा ती विचारणार, एकदा मी. प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर समोरच्याची शांतता किती लांब वाटते ते कळलं.

चौथ्या आठवड्यात मध्येच दोन खरे इंटरव्ह्यू दिले, दोन्हीत नकार. सगळी तयारी संपल्यावरच अर्ज करायचा असं ठरवून थांबलेले लोक अजून थांबलेलेच आहेत. फक्त ज्या कंपनीत मनापासून जायचंय तिथे पहिला अर्ज करू नका. बऱ्याच ठिकाणी नकारानंतर काही महिने परत घेत नाहीत.

ऐन वेळी काहीच सुचलं नाही तर?

सगळ्यात ढोबळ उपाय मोठ्याने सांगा. बुकिंगच्या प्रश्नात: "प्रत्येक बुकिंग प्रत्येकाशी ताडून बघता येईल, ते O(n²) होईल. क्रम लावला तर फक्त शेजारच्याशी ताडावं लागेल, मग O(n log n)." असं बोलता बोलताच पुढची पायरी दिसते बऱ्याचदा. नाही दिसली तरी समोरच्याला तुम्ही कुठे अडकलात ते कळतं आणि तो बोट दाखवू शकतो.

आणि त्याने "इनपुट आधीच क्रमाने असतं तर?" असं काही विचारलं तर ती सहज गप्पा म्हणून नसते. तो इशारा असतो. मी सुरुवातीला दोनदा "नाही, तसं दिलेलं नाही" म्हणून तो झटकून टाकला होता.

समोरचा वयाने बराच लहान असला तर अवघड होतं का?

मला पहिल्यांदा झालं, त्याला नाही.

घरून इंटरव्ह्यू देताना काही तयारी?

त्यांचा एडिटर कुठला असेल ते आधीच विचारा आणि त्यात एक प्रश्न लिहून बघा. एका ठिकाणी कोड चालवायची सोयच नव्हती, एका ठिकाणी टॅब दाबला की कर्सर भलतीकडे जायचा. स्क्रीन शेअर करायच्या आधी ऑफिसच्या चॅटच्या सूचना बंद करा. माझ्या बॉसचा "दोन मिनिटं आहेत का?" हा मेसेज मुलाखत घेणाऱ्या दोघांनीही वाचला होता.